‘लसीकरण झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

पशुवैद्यकीय पदवीच्या अखेरच्या वर्षी, आंतरवासितेच्या काळात, विद्यार्थ्याच्या हाती इंजेक्शनच्या आधी केसपेपर येतो. सकाळपासून चिकित्सालयातील खोड्यापुढे जनावरांची रांग लागलेली असते. प्रत्येक पशुपालकाला दुपारच्या आत घर गाठायचे असते. या घाईत सर्वाधिक अन्याय होतो तो ‘लसीकरण’ या रकान्यावर. तेथे बहुधा एकच शब्द पडतो : ‘झाले’.

ऑगस्टमधील अशाच एका सकाळी दुसऱ्या वेताची संकरित होल्स्टीन गाय आली. तीन दिवसांपासून ताप, चारा बंद, दूध 11 लिटरवरून 3 लिटरवर. आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थिनीने विचारल्यावर मालक म्हणाले, “सगळ्या लसी झाल्यात, ताई. गोचीडही नाही अंगावर.” तिने तसेच लिहिले. वरिष्ठ डॉक्टरांनी कागद परत दिला आणि तीन गोष्टी विचारल्या. कोणती लस? कोणत्या तारखेला? आणि हे सांगतो कोण?

गाय 18 दिवसांपूर्वी बाजारातून आणलेली होती, म्हणजे मालकांची माहिती विक्रेत्याच्या तोंडची होती. कानातील बिल्ल्याच्या 12 अंकी क्रमांकावरून भारत पशुधन प्रणालीतील नोंद पाहिली, तेव्हा लाळ्या-खुरकूत लस दोन महिन्यांपूर्वी दिल्याचे दिसले. त्यापलीकडे काही नव्हते. ‘सगळ्या लसी’ म्हणजे ती एक लस होती. थायलेरिया या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रोगापासून ती कसलेही संरक्षण देत नाही.

ताप 105.5 अंश फॅरनहाइट होता. खांद्यापुढील लसिका ग्रंथी लिंबाएवढी सुजलेली हाताला लागत होती. तोंडात व खुरांत फोड नव्हते. संशय थायलेरियाकडे वळला, पण गोचीड नाही याचे काय? विद्यार्थिनीने प्रश्न बदलला : “काका, ही गाय बांधली त्या जागी आधी कोणते जनावर होते?” मालक थोडे थांबले. मे महिन्यात त्याच दावणीला एक वासरू तापाने दगावले होते.

हा संदर्भ महत्त्वाचा, कारण या रोगाचा मुख्य वाहक असलेला हायलोमा गोचीड जनावराच्या अंगावर कायम राहत नाही. बाल्यावस्थेत तो बाधित जनावराचे रक्त पितो, गळून पडतो आणि गोठ्याच्या भिंतीतील भेगांत शिरून कात टाकतो. प्रौढ झाल्यावर तो पुढच्या जनावराला चावतो, तेव्हा रोगजंतू त्याच्यासोबत आलेले असतात. अशा भेगांत तो उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतो. चाव्यापासून ताप येण्यास साधारण एक ते तीन आठवडे लागतात. गाय येऊन 18 दिवस आणि ताप सुरू होऊन तीन दिवस, हा हिशेब नव्या गोठ्याशी जुळत होता. (विक्रेत्याकडची बाधा त्यामुळे पूर्णपणे बाद होत नाही, एवढे मात्र खरे.)

कानाच्या शिरेतील रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींत परजीवी दिसले. तेवढ्यावर निदान ठरवणे धोक्याचे असते, कारण पूर्वी बरी झालेली वाहक गायही तसेच परजीवी बाळगते. येथे ग्रंथीतील स्रावात कॉखचे नील पिंडही दिसले. इतिहास, लक्षणे आणि काचपट्टी एकाच दिशेला बोट दाखवत असल्याने बुपर्वाक्वोनचे उपचार सुरू झाले. भेगा बुजवून गोठ्यात गोचीडनाशक फवारण्याची सूचना केसपेपरवरच लिहिली गेली.

तारखेचा आग्रह किती पुढे जातो, हे ब्रुसेल्लाच्या लसीत दिसते. एस-19 ही जिवंत लस 4 ते 8 महिने वयाच्या मादी वासरांनाच, आयुष्यात एकदा देतात. योग्य वयात दिली असेल, तर लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे गाय मोठी होईपर्यंत बहुधा ओसरतात. ती उशिरा दिली गेली, तर रेंगाळतात. पुढे सातव्या महिन्यात गाय गाभडली आणि रोझ बेंगाल चाचणी होकारार्थी आली, तर ती लसीमुळे की रोगामुळे, हे वय व तारीख नोंदलेली नसेल तर उलगडणे कठीण होते. मालक तारीख सांगत नाहीत, ‘पोळ्याच्या आधी’ असे सांगतात. तेही चालते. मात्र सणावरून महिना काढून, पुढे ‘मालकाच्या सांगण्यावरून’ असे लिहावे लागते. बिल्ल्यावरील नोंद आणि आठवण यांचे वजन सारखे नसते.

मालक निघताना विद्यार्थिनीने आणखी एक प्रश्न विचारला : घरी वासरे आहेत का? पाच महिन्यांची एक कालवड होती, बिल्ला नसलेली. त्याच केसपेपरच्या मागच्या बाजूला नोंद झाली : ‘कालवड, संकरित, अंदाजे 5 महिने. बिल्ला मारणे. ताप तपासणे. ताप नसल्यास लाळ्या-खुरकूत पहिली मात्रा, महिन्याने दुसरी. ब्रुसेल्ला लस नोव्हेंबरपूर्वी. थायलेरिया लसीबाबत डॉक्टरांना विचारणे.’