तक्त्यातला रंगाचा रकाना

डीएमएलटीच्या विद्यार्थ्यांच्या वहीत जंतूंचा तक्ता असतोच: आकार, रंग, आजार, उपचार. घोटाळा होतो तो बहुधा रंगाच्या रकान्यात. ग्रॅम पद्धतीत काचपट्टीवर आधी जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग काही क्षण अल्कोहोल आणि शेवटी गुलाबी सॅफ्रानिन टाकतात. गळवातल्या पुवातला स्टॅफिलोकोकस जाड भिंतीमुळे जांभळा रंग सोडत नाही. गोल जंतूंचे घड दिसतात. ई. कोलायची भिंत पातळ, म्हणून तो गुलाबी दांडा. पण अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं, की स्टॅफिलोकोकसही गुलाबी होतो आणि तक्ता पाठ असूनही उत्तर चुकतं. म्हणूनच ओळखीच्या या दोन्ही जंतूंची काचपट्टी सोबत रंगवून बघावी.

क्षयाच्या जंतूवर मेणचट आवरण असतं. ग्रॅमचा रंग त्याला नीट लागत नाही. तिथे कार्बोल फुक्सिन गरम करून लावतात, वीस टक्के सल्फ्युरिक आम्लाने धुतात, मग मेथिलिन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर लाल दांडे दिसतात. कुष्ठरोगाचा जंतूही लालच राहतो, पण आम्लापुढे त्याचा तेवढा टिकाव लागत नाही. त्यासाठी पाच टक्केच आम्ल घेतात.