फक्त वाचायची परवानगी

एका जिल्हा दूध संघाचं उदाहरण घेऊ. गावोगावच्या प्राथमिक दूध संस्थांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर मोजले जातात, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ निघतो आणि ही नोंद संघाच्या मुख्य डेटाबेसमध्ये जाऊन पडते. संकलन विभागातल्या विश्लेषक बाईंना रोज सकाळी साडेदहापर्यंत एक अहवाल हवा असतो: कोणत्या संस्थेचं दूध किती आलं, त्याचा सरासरी फॅट काय, आणि गेल्या सात दिवसांच्या मानाने त्यात अचानक घसरण झाली का. गाईच्या दुधाचा फॅट 3.8 वरून एका सकाळी 3.2 वर आला, तर एकतर तिथलं यंत्र बिघडलंय किंवा दुधात पाणी आहे. दुपारच्या आत माणूस पाठवला तर कारण सापडतं. हीच गोष्ट दहा दिवसांनी दुधाच्या पगाराच्या वेळी कळली, तर हाती फक्त भांडण उरतं.

आज हा अहवाल कसा होतो? आयटी विभागातला एक जण रोज माहिती काढून एक्सेल फाइल मेल करतो. तो रजेवर गेला की अहवालही रजेवर. म्हणून बाई आयटीला पत्र लिहितात. अशी बहुतेक पत्रं एका ओळीची असतात: ‘अहवालासाठी डेटाबेसचा अॅक्सेस मिळावा, ही विनंती.’ आणि बहुतेकांना उत्तर येत नाही, कारण त्या ओळीत आयटीवाल्याला हो म्हणण्यासारखं काहीच नसतं. कोणता तक्ता, किती वेळा, कुठल्या संगणकावरून, कोणाच्या नावावर? सगळं त्यानेच ठरवायचं आणि काही बिघडलं तर त्यानेच निस्तरायचं.

मंजूर होणारं पत्र साधारण असं असतं:

‘विषय: दैनंदिन संकलन अहवालासाठी फक्त वाचनाची परवानगी मिळणेबाबत.

महोदय, संस्थानिहाय दूध, फॅट व एसएनएफ यांचा अहवाल रोज सकाळी 10.15 वाजता (भारतीय वेळ) आपोआप तयार व्हावा, यासाठी वाचनापुरती परवानगी हवी आहे. आवश्यक रकाने: संस्था क्रमांक, दिनांक, वेळ (सकाळ/संध्याकाळ), दूध प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ. उत्पादकांची नावे, मोबाइल, आधार व बँक खाते यांची आवश्यकता नाही. प्रत्येक वेळी फक्त मागील आठ दिवसांची माहिती वाचली जाईल. मुख्य सर्व्हरऐवजी त्याच्या प्रतीवरून माहिती मिळाली तरी चालेल. काही मिनिटांचा उशीर मान्य आहे. दर महिन्याच्या 1, 11 व 21 तारखेला पगार बिलाचे काम सुरू असल्यास अहवाल दुपारी चालवू. जोडणी विभागातील एकाच संगणकावरून होईल. परवानगी एक वर्षासाठी असावी व नंतर तिचा फेरविचार व्हावा.’

या पत्राचं बळ त्यातल्या नकारांमध्ये आहे. काय नको, हे बाईंनी स्वतःहून लिहिलं, आणि आयटीच्या मनातल्या नेमक्या भीतींना तिथेच उत्तर मिळालं.

पहिली भीती माहिती बाहेर जाण्याची. ‘फक्त वाचतोय, बदलत तर नाही ना’ असं आपण सहज म्हणतो. पण वाचलेलं कॉपी करता येतं, मेलने पाठवता येतं, हरवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये राहू शकतं. दूध उत्पादकाचं आधार आणि बँक खातं त्याच डेटाबेसमध्ये असतं, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवरच टाकली आहे. म्हणून मूळ तक्ता उघडून देण्याऐवजी त्याचा एक ‘व्ह्यू’ बनवतात. व्ह्यू म्हणजे साठवून ठेवलेला प्रश्न. तो विचारला की मूळ तक्त्यातले ठरलेले रकानेच समोर येतात. संघाचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर व्ह्यू सहसा तो बनवणाऱ्याच्या हक्कांवर चालतो. म्हणून बाईंच्या खात्याला मूळ तक्त्यावर काहीही हक्क न देता व्ह्यू वाचता येतो. आयटीचं काम मग एवढंच उरतं:

```
CREATE ROLE sankalan_report LOGIN CONNECTION LIMIT 2;
GRANT USAGE ON SCHEMA ahaval TO sankalan_report;
GRANT SELECT ON ahaval.roj_sankalan TO sankalan_report;
ALTER ROLE sankalan_report SET statement_timeout = '2min';
```

पहिल्या ओळीत अहवालाचं स्वतंत्र खातं तयार होतं आणि एका वेळी दोनच जोडण्या चालतील अशी मर्यादा बसते. पुढच्या दोन ओळी ‘ahaval’ या कप्प्यात शिरण्याची आणि त्यातला एकच व्ह्यू वाचण्याची मुभा देतात. शेवटची ओळ सांगते, की दोन मिनिटांत उत्तर आलं नाही तर प्रश्न थांबवा. ही वेळेची मर्यादा मात्र वापरणाऱ्याला स्वतः बदलता येते. चुकून झालेल्या गोष्टीपासून ती वाचवते, मुद्दाम केलेल्या गोष्टीपासून नाही. पोस्टग्रेसच्या 14 व्या आवृत्तीपासून `pg_read_all_data` नावाची एक तयार भूमिका मिळते आणि ती दिली की काम एका ओळीत संपतं. घाईत असलेल्या माणसाला तिचा मोह होतो, पण तिने सगळे तक्ते उघडे पडतात, आधारसकट.

दुसरी भीती कामकाज अडण्याची, आणि ही भीती विभागातल्या लोकांना सहसा पटत नाही. वाचण्याने कोणाचं काय अडणार? पोस्टग्रेसमध्ये नुसतं वाचन नोंदी लिहिणाऱ्याला अडवत नाही, हे खरं. पण वाचनही तक्त्यावर एक हलकं कुलूप ठेवतं. समजा, अहवालाचा प्रश्न चुकीचा लिहिला गेला, आठ दिवसांऐवजी पाच वर्षांच्या नोंदी चाळू लागला आणि वीस मिनिटं चालत राहिला. तेवढ्यात प्रोग्रामरने त्याच तक्त्यात एक नवा रकाना घालायची आज्ञा दिली. त्या आज्ञेला तक्ता पूर्ण मोकळा हवा असतो, म्हणून ती वाचन संपायची वाट बघत थांबते. आता खोडा इथे पडतो: तिच्यामागून आलेल्या नव्या नोंदीही तिच्यामागे रांगेत उभ्या राहतात. हॉलमध्ये एक जण वाचत बसलाय, रंगारी तो उठायची वाट बघत दारात उभा आहे आणि त्याच्यामागे सगळं गाव खोळंबलंय, तसंच काहीसं. संस्थांच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं आणि अडवणूक कोणाची आहे हे कोणालाच दिसत नाही. डेटाबेस सांभाळणारा `pg_stat_activity` उघडून बघतो, तेव्हा थांबलेल्या आज्ञांपुढे ‘Lock’ लिहिलेलं असतं, आणि `pg_blocking_pids` विचारल्यावर शोध अहवालाच्या खात्याशी येऊन थांबतो. ज्याने अशी सकाळ एकदा भोगली आहे, तो पुढच्या अर्जाला नाही म्हणणारच. त्याला आडमुठा ठरवणं अन्यायाचं आहे.

यावरचा नीट उपाय म्हणजे प्रत. मुख्य सर्व्हरवर होणारा प्रत्येक बदल दुसऱ्या सर्व्हरवर सतत उतरवला जातो, आणि पोस्टग्रेसमध्ये अशा प्रतीवर वाचन करण्याची सोय 2010 च्या 9.0 आवृत्तीपासून आहे. प्रतीवर लिहिताच येत नाही. तिथे चाललेला वाईट प्रश्न मुख्य सर्व्हरवरच्या नोंदी सहसा अडवत नाही. आयटीने इतकंच लक्षात ठेवायचं, की खातं मुख्य सर्व्हरवर तयार होतं आणि प्रतीवर आपोआप पोहोचतं. म्हणून मुख्य सर्व्हरच्या `pg_hba.conf` फाइलमध्ये या खात्याला मज्जाव करायचा आणि प्रतीच्या फाइलमध्ये फक्त विभागाच्या त्या एका संगणकाचा पत्ता चालू ठेवायचा.

प्रतीची स्वतःची एक खोड आहे, ती मात्र बाईंना ठाऊक हवी. मुख्य सर्व्हरवरून आलेला बदल आणि चालू असलेलं वाचन यांची टक्कर झाली, तर प्रत थोडा वेळ थांबते, मूळ मांडणीत जास्तीत जास्त 30 सेकंद, आणि मग वाचनच रद्द करते. पडद्यावर ‘canceling statement due to conflict with recovery’ असं येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाच मिनिटांनी अहवाल पुन्हा चालवला की बहुतेक वेळा काम होतं, म्हणून हा पुन्हा प्रयत्न आधीच वेळापत्रकात बसवून ठेवावा. शिवाय प्रत मागे पडलेली असू शकते. अहवालाच्या माथ्यावर ‘माहिती सकाळी 10.11 पर्यंतची’ अशी ओळ छापली, की वाचणारा फसत नाही.

पत्रातला ‘भारतीय वेळ’ हा शब्दही उगीच नाही. बरेच सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. पहाटे 5.20 ला मोजलेलं दूध सर्व्हरच्या हिशेबात आदल्या तारखेला जातं. काही संस्था पहाटे पाचलाच संकलन सुरू करतात. तारीख नीट बदलून घेतली नाही, तर त्यांचं सकाळचं थोडं दूध रोज कालच्या खात्यात जमा होतं. बेरीज महिनाअखेर जवळपास जुळते, म्हणून चूक लवकर सापडतही नाही. तारीख भारतीय वेळेत बदलण्याचं काम व्ह्यूमध्येच करून ठेवावं, म्हणजे एक्सेलमध्ये प्रत्येकाने आपापली वजाबाकी करायला नको.

परवानगी मिळाल्याच्या दिवशीच एक तपासणी करायची, आणि ती आयटीच्या माणसाला शेजारी बसवून. आधी व्ह्यू वाचून बघायचा, मग त्यातला एक आकडा बदलायचा प्रयत्न करायचा, मग एक रिकामा तक्ता बनवायचा प्रयत्न करायचा. शेवटचे दोन्ही फसले पाहिजेत. प्रतीवर ते फसणारच; खरी परीक्षा प्रत नसलेल्या आणि थेट मुख्य सर्व्हरवर जोडणी मिळालेल्या संस्थेची. पोस्टग्रेसच्या 15 व्या आवृत्तीच्या आधी कोणत्याही खात्याला `public` नावाच्या कप्प्यात तक्ता बनवण्याचा हक्क मुळातच असे, आणि जुना डेटाबेस नव्या आवृत्तीत आणला तर तो हक्क बहुधा तसाच सोबत येतो. कागदावर ‘फक्त वाचन’ असलेलं खातं तिथे लिहू शकतं.

विभागाकडे राहणारं काम पत्रात सहसा येत नाही. अहवालाचं खातं बाईंच्या वैयक्तिक नावाचं नसावं, नाहीतर त्यांची बदली झाली की अहवाल बंद. पासवर्ड एक्सेल फाइलमध्ये लिहून ठेवू नये, कारण ती फाइल पुढे कोणाकोणाकडे जाईल हे सांगता येत नाही. आणि अहवालाने न चुकता मोजावं, की आज किती संस्थांची माहिती आली. 180 संस्था अपेक्षित असताना 112 च आल्या, तर सरासरी काढून पाठवण्याऐवजी तसं ठळक लिहून कळवावं. गावात नेटवर्क गेलं की नोंदी तासभर उशिरा येतात, आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ साहेब लोक ‘दूध आलं नाही’ असा लावून मोकळे होतात.

विभागात बसून असं पत्र लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर लागणाऱ्या रकान्यांची यादी आधी करा आणि नको असलेल्यांची तिच्याखालीच. ती दोन्ही घेऊन डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाकडे अर्धा तास जाऊन बसा, आणि पत्र त्यानंतर टाइप करा.