अर्ध्या गोळीचा हिशेब

समजा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, अडतीस किलो वजनाच्या आजींना अस्वस्थतेसाठी डायझेपाम द्यायचंय. तरुणाला पाच मिलिग्रॅमची गोळी चालते, तिथे डॉक्टर आजींना अडीचवर ठेवतात. घरच्यांना वाटतं, एवढ्याशा तुकड्याने काय होणार?

देह लहान असला की तेवढंच औषध रक्तात जास्त दाट होतं. त्यात म्हातारा मेंदू या औषधांना लवकर झुकतो. पण खरी गोम औषध उतरण्याच्या वेगात आहे. विशीतल्या माणसाच्या रक्तातलं डायझेपाम निम्म्यावर यायला साधारण वीस तास लागतात, ऐंशीच्या घरात तेच ऐंशी तासांच्या आसपास जातं. म्हणजे आजची गोळी पुरती उतरायच्या आत उद्याची आणि परवाची पोटात गेलेली असते. भरत्या रांजणासारखी पातळी चढत राहते आणि स्थिरावायला दोन आठवडे किंवा थोडे अधिक लागतात.

म्हणून तिसऱ्या दिवशी ‘झोप लागत नाही’ म्हणून डोस वाढवणं फसवं असतं. पहिल्या डोसचाच पूर्ण परिणाम अजून दिसायचा असतो.

जास्त झालं की आजी दुपारीही पेंगतात, जीभ जड होते, उठताना तोल जातो. बोलण्यात गोंधळ दिसला की घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, आणि पडून खुब्याचं हाड मोडल्यावर गोळीची आठवण होते. अशा वेळी डॉक्टरांना लगेच कळवावं. बरेच दिवस चालू असलेली गोळी आपल्या मनाने एकदम तोडली, तर झटकेही येऊ शकतात.