पोटात राहिलेला टॉवेल

जुलै 1963. औरंगाबादच्या सरकारी स्त्री रुग्णालयात 10 तारखेला एक बाई बाळंत झाल्या आणि 13 तारखेला त्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हाही ती साधीच मानली जात होती. पण त्यानंतर बाईंना सडकून ताप भरला, पोटात असह्य कळा येऊ लागल्या. नवऱ्याने दुसऱ्या एका नावाजलेल्या सर्जनकडे धाव घेतली. 19 तारखेला त्यांनी पोट पुन्हा उघडले, तर आत पू साचलेला आणि शस्त्रक्रियेत रक्त टिपायला वापरतात तो कापडी मॉप, म्हणजे छोटा टॉवेल, तसाच राहिलेला. तो काढला, पू काढला, पण 24 जुलैला बाई गेल्या.

नवऱ्याने आणि मुलांनी भरपाईचा दावा लावला. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने कायद्याचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये मंजूर केले, हायकोर्टाने ते फिरवले, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तो फेब्रुवारी 1996 मध्ये. आत टॉवेल सापडला एवढे सिद्ध असूनही इतकी वर्षे नेमका वाद कशाचा चालला, हे पाहण्यासारखे आहे.

डॉक्टरकडून कायदा चमत्काराची अपेक्षा ठेवत नाही. त्या शाखेतला सर्वसाधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जसा वागला असता, तसे वागणे एवढीच मागणी असते. इंग्लंडमधल्या 1957 च्या बोलम खटल्यातला हा निकष सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात आपल्याकडेही पक्का केला. उपचाराच्या दोन मान्य पद्धती असतील आणि डॉक्टरने त्यातली एक निवडली, तर निकाल वाईट लागला म्हणून तो दोषी ठरत नाही. पण सर्वसाधारण कुशल डॉक्टर काय करतो, हे न्यायाधीशाला कसे कळणार? म्हणून त्याच शाखेतल्या तज्ज्ञाची साक्ष लागते. रुग्णाची खरी अडचण इथे सुरू होते, कारण एका सर्जनविरुद्ध दुसरा सर्जन कोर्टात उभा राहायला सहसा राजी नसतो.

या अडचणीतून वाट काढणारे एक जुने तत्त्व आहे, रेस इप्सा लोक्विटर: घडलेली गोष्टच साक्ष देते. 1863 मध्ये इंग्लंडात रस्त्याने चाललेल्या एका माणसाच्या अंगावर गोदामाच्या खिडकीतून पिठाचे पिंप पडले. कोणी काय चुकले हे त्याला सांगता येईना. कोर्ट म्हणाले, पिंपे आपोआप पडत नाहीत. कसे पडले ते गोदामवाल्याने सांगावे. हे तत्त्व लावायला दोन गोष्टी दिसाव्या लागतात. हलगर्जीशिवाय एरवी अशी घटना घडत नाही, ही पहिली. आणि ज्या वस्तूमुळे इजा झाली ती सर्वस्वी प्रतिवादीच्या ताब्यात होती, ही दुसरी. पोटातल्या टॉवेलला दोन्ही लागू पडतात. रुग्ण बेशुद्ध, टॉवेल शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या हातात.

शिवाय टॉवेल आत राहू नये याची रीत ठरलेली आहे, आणि ती गुंतागुंतीची मुळीच नाही. शस्त्रक्रियेआधी नर्स मॉप आणि गॉज मोजून लिहून ठेवते. पोकळी बंद करण्याआधी पुन्हा मोजणी होते, कातडी शिवताना पुन्हा एकदा. मोठ्या मॉपला नाडी असते आणि तिला चिमटा लावून ती जखमेबाहेर ठेवतात. आजच्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. आकडा जुळला नाही तर टेबलावरच एक्स-रे काढायचा. हे करायला हवे होते का, यावर तज्ज्ञांत दोन मते असूच शकत नाहीत. मात्र मोजणी बरोबर अशी नोंद असूनही मॉप आत सापडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. तेव्हा “आमच्या कागदावर आकडा जुळतो” एवढ्यावर रुग्णालय सुटत नाही.

खोडवा खटल्यात टॉवेल विसरणे ही हलगर्जी आहे, हे हायकोर्टालाही मान्य होते. त्याचे म्हणणे वेगळे होते: मृत्यू त्या टॉवेलमुळेच झाला हे सिद्ध झालेले नाही. शिवाय सरकारी रुग्णालय चालवणे हे सार्वभौम सत्तेचे काम, त्यासाठी सरकारवर बोजा टाकता येणार नाही. इथे एक बारकावा आहे. घटना बोलते ती फक्त हलगर्जीबद्दल. हलगर्जी आणि मृत्यू यांच्यातला दुवा वेगळा जोडावा लागतो. सुप्रीम कोर्टाने तो असा जोडला: टॉवेलमुळे पू झाला, आणि पुढचे सगळे अनर्थ त्या पुवामुळे. समजा दुसऱ्या शस्त्रक्रियेने बाई दगावल्या असे धरले, तरी ती करावी लागली ती आधीच्या चुकीमुळेच. सार्वभौम सत्तेचा बचावही कोर्टाने फेटाळला. नेमका कोणता डॉक्टर किंवा कर्मचारी चुकला हे ठामपणे सांगता आले नाही म्हणून दावा बुडत नाही. ते सगळे सरकारचे नोकर, तेव्हा जबाबदारी सरकारची. मला हा भाग निकालातला सर्वांत मोलाचा वाटतो. थिएटरच्या दाराआड कोणी काय केले, हे रुग्णाच्या नातेवाइकाने कुठून आणायचे?

आता याच चित्रात थोडा बदल करू. समजा दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झाली. इजा तितकीच गंभीर, रुग्ण तितकाच बेशुद्ध. तरीही घटना इथे बोलत नाही. सूज असेल, चिकटलेल्या ऊती असतील, नलिकेची रचनाच वेगळी असेल, तर काळजी घेणाऱ्या सर्जनच्या हातूनही ही इजा होते. मग नलिका कापण्याआधी ती नीट ओळखली का, अवघड दिसल्यावर पोट उघडून शस्त्रक्रिया करायला हवी होती का, नंतर कावीळ आणि पोटदुखी दिसूनही तपासणीला उशीर झाला का, असे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे त्या विषयाचा सर्जनच देऊ शकतो, आणि त्याच्याशिवाय दावा बहुधा टिकत नाही. 2010 मध्ये किशन राव खटल्यात सुप्रीम कोर्टाने हाच भेद धरला: प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ सक्तीचा नाही, पण गुंतागुंतीच्या प्रश्नात तो लागतोच.

डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा असेल तर मात्र या तत्त्वाच्या बळावर दोषसिद्धी होत नाही. तिथे हलगर्जी फार मोठी आहे हे फिर्यादी पक्षाला पुराव्यानिशी दाखवावे लागते.

आणि घटना कितीही स्पष्ट बोलत असली, तरी कोर्ट ती ऐकायला बसेलच असे नाही. 2010 मधलाच दुसरा निकाल पाहा. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयातल्या एका नर्सची पित्ताशयाची शस्त्रक्रिया 1993 मध्ये झाली. त्यानंतर त्यांचे पोट दुखतच राहिले आणि त्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्या. 2002 मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत आत गॉज सापडला, 2004 मध्ये त्यांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. ग्राहक कायद्यात मुदत दोन वर्षांची. गॉज सापडला त्या दिवसापासून ती मोजा, असे त्यांचे म्हणणे. रुग्णाला इजा कळायला वावच नसेल तर तसे मोजता येते, हे सुप्रीम कोर्टाने मान्य केले. पण दुखणे शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू झाले होते, बाई स्वतः नर्स होत्या, त्यांनी तेव्हाच सर्जनला गाठायला हवे होते, असे म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. गॉज कोणाच्या हातून राहिला, हा प्रश्न सुनावणीला आलाच नाही.