सबटायटल : काय कापावे, काय राखावे

साठी उलटलेले लोक दवाखान्यात एक वाक्य नेहमी बोलतात : “डॉक्टर, ऐकू येतं, पण कळत नाही.” त्यात विसंगती काही नाही. वयाने कान उतरू लागला की स, श, त, क यांसारखी बारीक व्यंजने आधी निसटतात आणि स्वर तेवढे ऐकू येतात. समोरासमोर बोलताना ओठ पाहून भागते, पण नाटकाच्या चित्रफितीत पात्र पाठमोरे झाले की सगळेच संपते. म्हणून आपल्या मंडळाच्या एका जुन्या प्रयोगाची चित्रफीत दाखवायची ठरली, तेव्हा मराठी संवादांना मराठीच सबटायटल द्यावीत असे मी सुचवले, आणि सुचवणाऱ्याच्याच गळ्यात काम पडले.

मी संहिता समोर घेतली आणि शब्द न् शब्द टंकून काढला. पहिल्याच चाचणीत एक काकू म्हणाल्या, “वाचून होईपर्यंत पुसून जातं हो. अन् वाचत बसले तर माणसं दिसत नाहीत.” त्यांचे दोन्ही म्हणणे बरोबर होते. बोलणे ऐकण्यापेक्षा पडद्यावरचे वाचणे सावकाश होते, कारण डोळ्यांना चेहराही पाहायचा असतो. भाषा समजत असली तरी पडद्यावर अक्षरे उमटताच डोळा आपोआप तिकडे जातो, हे बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी डोळ्यांच्या हालचाली मोजून दाखवले आहे. म्हणजे ज्यांना नीट ऐकू येते त्यांचेही लक्ष जादा मजकुराने ओढले जाते.

दूरदर्शन वाहिन्यांवर या कामाचा एक जुना ठोकताळा आहे. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ३६-३७ अक्षरे, आणि अशा दोन भरलेल्या ओळींना ६ सेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे १२ अक्षरे. आजच्या अनेक वाहिन्या याहून बराच जास्त वेग चालवतात. पण ज्येष्ठांसाठी मला जुनाच बरा वाटला.

मात्र ‘अक्षर’ म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते. ‘कागदपत्रं’ या शब्दात आपल्याला पाच अक्षरे दिसतात, पण संगणक नऊ मोजतो. काना वेगळा, अनुस्वार वेगळा, आणि ‘त्र’ मधला न दिसणारा हलन्तही वेगळा. शब्दांमधली मोकळी जागासुद्धा मोजणीत येते. इंग्रजीसाठी ठरलेला आकडा देवनागरीला तंतोतंत लागू पडत नाही तो यामुळे. तो सुरुवातीचा अंदाज समजावा. शेवटचा निकाल वाचणाऱ्या माणसाचा.

आता एक संवाद घेऊ. घर विकण्याचा प्रसंग आहे आणि पत्नी संतापून पतीला म्हणते :

“अहो, मी तुम्हाला कालच सांगितलं होतं ना, की त्या घराची कागदपत्रं अजून वकिलांकडेच पडून आहेत, मग तुम्ही सही कशाला केलीत?”

संगणकाच्या हिशेबाने ही ११७ अक्षरे. बोलायला लागले साडेपाच सेकंद, म्हणजे सेकंदाला २१. हा वेग आपल्या मापाच्या पाऊणपट जास्त झाला.

कात्री हातात घेण्याआधी वेळ मिळतो का ते पाहावे. पती लगेच उत्तर देत नाही, क्षणभर गप्प राहतो. ती शांतता उसनी घेऊन सबटायटल अर्धा सेकंद जास्त ठेवले, म्हणजे ६ सेकंद झाले आणि ७२ अक्षरांची जागा मिळाली. मात्र शांतता संपून दृश्य बदलत असेल तर असे लांबवू नये. नव्या दृश्यावर जुने वाक्य रेंगाळले की ते नव्या पात्राच्या तोंडचे वाटते.

मग मी असे कापले : “घराची कागदपत्रं वकिलांकडे आहेत, मग तुम्ही सही कशाला केलीत?” हे मापात आरामात बसले. वाचायलाही सोपे होते, पण चुकीचे होते. पुढे पती म्हणतो, “मला आठवण राहिली नाही.” चाचणीला बसलेल्या एका गृहस्थांनी विचारले, “कसली आठवण?” ‘कालच सांगितलं होतं’ एवढे शब्द मी गाळले होते, आणि सारे भांडण तर त्या शब्दांवर उभे होते. ते गेल्यावर पती नुसता अजाण ठरला. ते राहिले तर ऐकूनही न ऐकणारा ठरतो.

शेवटी फाइलमध्ये हे ठेवले :

```
148
00:12:04,000 --> 00:12:10,000
कालच सांगितलं होतं, घराची कागदपत्रं
वकिलांकडे आहेत. मग सही का केलीत?
```

पहिली ओळ ३५ अक्षरांची, दुसरी ३२, एकूण ६७. काय गेले ते पाहा. ‘अहो’, ‘मी’, ‘तुम्हाला’, ‘तुम्ही’ गेले. बोलणारी आणि ऐकणारा दोघेही समोर दिसत आहेत. इथे मराठीचे क्रियापद फार उपयोगी पडते. ‘केलीत’ मधला शेवटचा ‘त’ सांगतो की पत्नी पतीला अहो-जाहो करते. ‘केलीस’ असते तर नाते निराळे झाले असते. म्हणून सर्वनाम गाळता येते, पण क्रियापदाच्या शेपटाला हात लावायचा नाही. ‘ना, की’, ‘अजून’ आणि ‘पडून’ गेल्याने या जागी अर्थाला धक्का लागला नाही.

यावरून मी स्वतःपुरता क्रम ठरवला. आधी हाका आणि पालुपदे काढायची, मग पडद्यावर दिसतेच आहे ते, मग एकाच अर्थाचे दुसरे शब्द. ‘नाही’, आकडे, दिवस-वेळ आणि पुढच्या संवादात ज्याचे उत्तर येणार आहे तो शब्द, हे राखायचे. ‘वन्सं’, ‘भावोजी’ अशी हाक पहिल्यांदा येते तेव्हा ती ठेवायची, कारण नाते तिथेच कळते. दुसऱ्यांदा खुशाल गाळावी. म्हणूनच सुटे वाक्य घेऊन कापू नये. पुढची दोन पाने वाचून मग कापावे.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. ज्यांना अर्धवट ऐकू येते ते कानावरचे आणि डोळ्यांपुढचे शब्द सतत ताडून पाहतात. म्हणून उरलेले शब्द शक्यतो पात्राचेच आणि त्याच क्रमाने असावेत. ‘कशाला’ चे ‘का’ मी केले, तेवढेही एका आजोबांच्या नजरेतून सुटले नाही. मुळीच ऐकू न येणाऱ्या काही जणांचे म्हणणे असे, की इतरांना जे ऐकू येते ते सगळे आम्हालाही मिळावे, आमच्यासाठी निवड तुम्ही कोण करणार? हा आक्षेप मला खोडता आलेला नाही. म्हणून जिथे संवाद सावकाश आहे तिथे मी काहीच कापत नाही. नाट्यपदांनाही कात्री लावत नाही. तिथे गायक एकाच शब्दावर इतका रेंगाळतो की वाचायला वेळच वेळ असतो.

आकडे जुळले तरी शेवटची परीक्षा एकच. नाटक न पाहिलेल्या ज्येष्ठांना बसवायचे, आवाज बंद करायचा, आणि पडद्याकडे नव्हे तर त्यांच्या डोळ्यांकडे पाहायचे. नजर खाली जाऊन पुन्हा पात्राच्या चेहऱ्यावर आली तर माप बरोबर आहे. ती खालीच खिळून राहिली तर मजकूर जास्त आहे. चेहऱ्यावर जाऊन पुन्हा त्याच ओळीवर उतरली तर सबटायटल गरजेपेक्षा जास्त वेळ राहिले आहे. दुसऱ्या चाचणीत त्या काकू त्या प्रसंगाला मान वर करून पतीच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, आणि मी ती ओळ तशीच ठेवली.