आयटीटीओ पाठ करताना नेमकं चुकतं कुठे?

पीएमपी परीक्षेच्या तयारीला बसलेल्या माणसाला एका तक्त्याची धास्ती असते. पीएमबोक गाइडच्या सहाव्या आवृत्तीत (२०१७) प्रकल्प व्यवस्थापनाच्या ४९ प्रोसेस आहेत आणि प्रत्येकीत काय जातं, कोणती साधनं वापरतात आणि बाहेर काय पडतं याच्या याद्या आहेत. इनपुट्स, टूल्स अँड टेक्निक्स, आउटपुट्स, म्हणजेच परीक्षार्थींच्या बोलीत ‘आयटीटीओ’. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतली मंडळी याची फ्लॅशकार्डं करतात, अंतराने उजळणी करणारं ॲन्कीसारखं ॲप घेतात आणि तरी महिन्याभराने व्हॅलिडेट स्कोप आणि कंट्रोल क्वालिटी यांची गल्लत करतात. दोष बहुतेक वेळा स्मरणशक्तीचा नसतो. कार्ड काय विचारतं आणि कधी विचारतं, यात घोळ असतो.

गैरसमज १ : एका प्रोसेसचं एक कार्ड केलं की झालं.

वस्तुस्थिती : ‘कंट्रोल क्वालिटीचे इनपुट्स कोणते?’ हे कार्ड घ्या. उत्तरात सात नावं आहेत : प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्लॅन, प्रोजेक्ट डॉक्युमेंट्स, अप्रूव्ह्ड चेंज रिक्वेस्ट्स, डिलिव्हरेबल्स, वर्क परफॉर्मन्स डेटा, एंटरप्राइज एन्व्हायर्नमेंटल फॅक्टर्स आणि ऑर्गनायझेशनल प्रोसेस ॲसेट्स. तुम्हाला पाच आठवली. आता हे बरोबर धरायचं की चूक? बरोबर म्हणालात तर राहिलेली दोन कायमची निसटतात. चूक म्हणालात तर येणाऱ्या पाचांचीही पुन्हा घोकंपट्टी होते. अशी कार्डं वारंवार चुकतात. ॲन्कीत मूळ सेटिंग ठेवलं असेल, तर उजळणीत आठ वेळा चुकलेल्या कार्डाला `leech` अशी खूण लागते. लांबलचक याद्यांची कार्डं तिथे हटकून पोचतात.

या सातांत प्लॅन, फॅक्टर्स आणि ॲसेट्स ही तीन नावं बहुतेक प्रोसेसमध्ये येतातच. त्यांची कार्डं करायचीच नाहीत. टूल्समधल्या एक्स्पर्ट जजमेंटचंही तसंच. सगळीकडे दिसणारी गोष्ट एखाद्या प्रोसेसची ओळख होऊ शकत नाही. उरलेल्या नावांना मात्र एकेक कारण आहे, आणि कार्डाने ते कारण विचारायला हवं. एक उदाहरण धरू : एका पतसंस्थेसाठी कर्जवाटपाचं सॉफ्टवेअर तयार होत आहे आणि त्यातला व्याज-आकारणीचा भाग नुकताच लिहून झाला आहे.

- प्रश्न : व्याज-आकारणीचा भाग लिहून झाला. डायरेक्ट अँड मॅनेज प्रोजेक्ट वर्कमधून तो कोणत्या नावाने बाहेर पडतो आणि तपासणीसाठी कुठे जातो?
  उत्तर : डिलिव्हरेबल, कंट्रोल क्वालिटीत.
- प्रश्न : दंडव्याजाच्या सूत्रातला बदल मंजूर झाला. हा मंजूर बदल कंट्रोल क्वालिटीला कशाला हवा?
  उत्तर : बदल खरोखर आणि नीट झाला का, हे तपासायला.

दुसरं कार्ड आलं की ‘अप्रूव्ह्ड चेंज रिक्वेस्ट्स’ हे नाव वेगळं पाठ करावं लागत नाही. एका कार्डात एकच दुवा असावा आणि उत्तर दहा सेकंदांत देता यावं. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर कार्ड फोडून त्याची दोन करावीत.

गैरसमज २ : सारखी दिसणारी नावं वेगवेगळ्या दिवशी पाठ केली की गोंधळ होत नाही.

वस्तुस्थिती : एकेकटं शिकताना दोन्ही नावं सोपी वाटतात. ती परीक्षेत शेजारीशेजारी पर्याय म्हणून आली की गडबड उडते, कारण त्यांतला फरक आपण कधी विचारलेलाच नसतो. म्हणून जुळ्या नावांची कार्डं एकाच गठ्ठ्यात मिसळावीत आणि नुसता फरक विचारणारी काही कार्डं मुद्दाम घालावीत.

तोच व्याज-आकारणीचा भाग पुढे नेऊ. टीमने तो तपासला, आकडे बरोबर आले. हे कंट्रोल क्वालिटी. इथून तो ‘व्हेरिफाइड डिलिव्हरेबल’ होऊन निघतो. मग पतसंस्थेचे व्यवस्थापक तो पाहतात, ‘आम्ही मागितलं होतं ते हेच’ म्हणतात आणि सही करतात. हे व्हॅलिडेट स्कोप. इथून तो ‘ॲक्सेप्टेड डिलिव्हरेबल’ होऊन क्लोज प्रोजेक्ट ऑर फेजकडे जातो. पहिल्या ठिकाणी प्रश्न ‘बरोबर आहे का?’ असा असतो, दुसऱ्या ठिकाणी ‘मान्य आहे का?’ असा.

इन्स्पेक्शन हे टूल दोन्हीकडे आहे आणि कंट्रोल प्रोक्युअरमेंट्समध्येही आहे. म्हणून ‘इन्स्पेक्शन कुठे वापरतात?’ असं विचारून हाती फारसं काही लागत नाही. कार्ड असं हवं :

- प्रश्न : व्यवस्थापक स्क्रीन उघडून तयार भाग बघतात आणि नाकारतात, आकड्यांत चूक नाही, पण त्यांना मासिक नव्हे, दैनिक आकारणी हवी होती. आपण कोणत्या प्रोसेसमध्ये आहोत?
  उत्तर : व्हॅलिडेट स्कोप. चूक नाही, मान्यता नाही.

गैरसमज ३ : सगळ्या नोंदी सुट्या सुट्या पाठ कराव्याच लागतात.

वस्तुस्थिती : शेकडो नोंदींमागे थोडेच प्रवाह आहेत. त्यांतला सर्वांत कामाचा म्हणजे डेटा, इन्फर्मेशन, रिपोर्ट. या आठवड्यात ३१ चाचण्या झाल्या, ही नुसती नोंद झाली. तो वर्क परफॉर्मन्स डेटा, आणि तो डायरेक्ट अँड मॅनेज प्रोजेक्ट वर्कमधून येतो. वेळापत्रकात ३६ ठरल्या होत्या, म्हणजे आपण पाचाने मागे आहोत, हे कंट्रोल स्केड्यूलने ताडून सांगितलं. ती वर्क परफॉर्मन्स इन्फर्मेशन. खर्च, जोखीम, गुणवत्ता यांची अशीच माहिती गोळा करून मॉनिटर अँड कंट्रोल प्रोजेक्ट वर्क जो अहवाल काढतं, तो वर्क परफॉर्मन्स रिपोर्ट.

आता हिशोब बघा. मॉनिटरिंग अँड कंट्रोलिंग गटात १२ प्रोसेस आहेत. त्यांतल्या १० जणींत डेटा आत जातो आणि इन्फर्मेशन बाहेर येते. उरलेल्या दोन एकत्रीकरणाच्या आहेत : वर सांगितलेली अहवाल काढणारी, आणि बदलांवर निर्णय देणारी परफॉर्म इंटिग्रेटेड चेंज कंट्रोल, जिच्यात तो अहवाल इनपुट म्हणून जातो. म्हणजे दहा प्रोसेसच्या मिळून वीस नोंदी एका नियमात आणि दोन अपवादांत बसल्या. कार्डं तीन. नियमाचं एक आणि अपवादांची दोन.

गैरसमज ४ : तक्ता रोज वाचला की तो डोक्यात बसतो.

वस्तुस्थिती : वाचताना ओळख पटते, आणि ओळख पटली की येतंय असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

त्यामुळे कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणावं किंवा कागदावर खरडावं. ‘हां, हेच म्हणणार होतो’ हे उत्तर धरायचं नाही. ॲन्कीत आणखी एक सवय नडते. उत्तर आलं नाही तरी `Again` दाबायला जिवावर येतं, म्हणून लोक `Hard` दाबतात. `Hard` म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवलं. न आठवलेल्या कार्डावर ते दाबलं की ॲप तुम्हाला येतंय असं समजतं आणि ते कार्ड पुढे ढकलतं.

गैरसमज ५ : परीक्षा जवळ आली की रोज सगळी कार्डं फिरवावीत.

वस्तुस्थिती : जे कालच आठवलं ते आज पुन्हा विचारून फार थोडं पदरात पडतं. विस्मरण सुरू व्हायच्या बेताला विचारलेला प्रश्न जास्त टिकतो. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात यासाठी कप्प्यांची पद्धत लोकप्रिय केली. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्यात. ॲप हेच काम जास्त बारकाईने करतं, पण चपलेच्या खोक्यातही ते जमतं.

पाच कप्पे घ्या आणि त्यांना १, २, ४, ८, १६ दिवसांची अंतरं द्या. एकदाही न चुकलेल्या कार्डाला पाचही कप्पे पार करायला ३१ दिवस लागतात. परीक्षा आठ आठवड्यांवर, म्हणजे ५६ दिवसांवर असेल, तर नवीन कार्डं पहिल्या २५ दिवसांतच करून संपायला हवीत. रोज सहा केली तरी दीडशे होतात, आणि दुव्यांची दीडशे कार्डं या विषयाला पुरतात. शेवटच्या आठवड्यात घाईने केलेलं कार्ड जेमतेम दोन-तीनदा समोर येतं. त्यापेक्षा तो वेळ सराव प्रश्नपत्रिकेला द्यावा आणि तिथे जी गल्लत झाली तिचं एखादं कार्ड वाढवावं.

गैरसमज ६ : कार्डं पक्की म्हणजे पेपर पक्का.

वस्तुस्थिती : पीएमबोकच्या सातव्या आवृत्तीने (२०२१) या याद्या वगळल्या. नंतर त्या पीएमआयच्या ‘प्रोसेस ग्रुप्स : अ प्रॅक्टिस गाइड’मध्ये पुन्हा आल्या. जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या परीक्षा-आराखड्यात साधारण निम्मा भाग अजाइल आणि हायब्रिड पद्धतींचा होता, आणि तिथे हे तक्ते थेट उपयोगी पडत नाहीत. उरलेल्या भागातही ‘यादीतलं चौथं नाव सांगा’ असं फारसं कोणी विचारत नाही. प्रसंग देतात आणि ‘व्यवस्थापकाने आता काय करावं?’ असं विचारतात. त्यामुळे कोणत्या आवृत्तीवरून कार्डं करता आहात हे आधी ठरवावं. सहावीतली आणि आधीच्या आवृत्तीतली नावं एकाच गठ्ठ्यात आली, तर उत्तम उजळणीही चुकीचं नावच पक्कं करते.

कार्डं नीट लागली आहेत की नाही हे पाहायचं असेल, तर जिचं एकही कार्ड केलेलं नाही अशी प्रोसेस निवडा. समजा, कंट्रोल कॉस्ट्स. पुस्तक मिटून विचारा : खर्च आवाक्यात आहे का, हे ठरवायला काय हाताशी हवं आणि ठरल्यावर काय हाती येईल? किती निधी मिळणार होता ते आणि वर्क परफॉर्मन्स डेटा आत. वर्क परफॉर्मन्स इन्फर्मेशन, खर्चाचा पुढचा अंदाज आणि गरज पडल्यास चेंज रिक्वेस्ट बाहेर. एवढं तर्काने सांगता आलं तर गठ्ठा बरोबर बांधला गेलाय. नावं तोंडावर आहेत पण हा प्रश्न अडवतो आहे, असं असेल तर कार्डं अजून यादीच विचारत आहेत. ती फोडून पुन्हा लिहावीत.