माऊस आपोआप हलू लागला

२३ डिसेंबर २०१५ची दुपार. पश्चिम युक्रेनमधल्या इव्हानो-फ्रँकिव्हस्क भागाला वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षात पाळी संपत आली होती. अचानक एका कर्मचाऱ्याला दिसलं, की त्याच्या पडद्यावरचा बाण कुणी हात न लावताच सरकतोय. बाण एका उपकेंद्राच्या ब्रेकरवर गेला आणि ब्रेकर उघडला. त्याने माऊस धरून पाहिला, पण उपयोग झाला नाही. पाठोपाठ त्याला त्या प्रणालीतूनच बाहेर काढण्यात आलं.

त्या दिवशी तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला, जवळपास ३० उपकेंद्रं बंद पडली आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. सायबर हल्ल्याने वीज गेल्याचं जगात पहिल्यांदाच उघडपणे मान्य झालं होतं.

या कंपनीत भिंत नव्हती असं मात्र नाही. कार्यालयाचं नेटवर्क आणि विजेचं नियंत्रण करणारं नेटवर्क यांच्यामध्ये फायरवॉल होती. हल्लेखोर काही महिने आधीच कार्यालयाच्या बाजूला शिरले होते, ते ईमेलमधून आलेल्या एका फाइलमुळे. कुणीतरी ती उघडली, ‘मॅक्रो चालू करा’ या सूचनेला होकार दिला आणि ‘ब्लॅकएनर्जी’ नावाचा घातक प्रोग्राम आत आला. पुढे भिंत लागली. ती फोडण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. कर्मचारी घरून नियंत्रण प्रणालीत शिरण्यासाठी व्हीपीएन वापरत. हल्लेखोरांनी कार्यालयातल्या सर्व्हरवरून त्यांची नावं आणि पासवर्ड गोळा केले आणि त्याच दाराने आत गेले. दाराला कुलूप एकच होतं, पासवर्डचं. मोबाइलवर येणाऱ्या कोडसारखी दुसरी खात्री कुणी मागत नव्हतं.

नेटवर्कचे विभाग पाडणं म्हणजे नुसती भिंत बांधणं नव्हे, हे इथे कळतं. भिंतीतून कोण, कशासाठी, कोणत्या दिशेने जाणार, हे ठरवणं हेच खरं काम. यासाठी कार्यालय आणि कारखाना यांच्यामध्ये जुन्या घरातल्या ओसरीसारखा एक मधला विभाग ठेवतात. पाहुणा ओसरीपर्यंत येतो, माजघरात जात नाही. वीज किती वापरली गेली याचे आकडे नियंत्रण नेटवर्कमधून या मधल्या सर्व्हरवर येतात आणि कार्यालय ते तिथून उचलतं. कार्यालयातून थेट आत जोडणी होत नाही. दूरवरून दुरुस्ती करायचीच असेल, तर मधल्या विभागातल्या एकाच यंत्रावरून, दुहेरी ओळख पटवून आणि ठरलेल्या वेळेपुरतंच. शिवाय आतली खाती कार्यालयाच्या खात्यांपासून वेगळी असतात, म्हणजे तिकडे चोरलेला पासवर्ड इकडे चालत नाही.

एवढं करूनही कुणी आत आलंच तर? म्हणून संरक्षणाचे थर एकामागे एक रचतात. युक्रेनमध्ये हल्लेखोर नुसते ब्रेकर उघडून थांबले नाहीत. नियंत्रण कक्षाला उपकेंद्रांशी जोडणाऱ्या छोट्या उपकरणांमधला मूळ प्रोग्राम त्यांनी पुसून बिघडवला, त्यामुळे कक्षातून ब्रेकर पुन्हा बंद करता येईनात. संगणकांवरच्या फाइली पुसल्या, तक्रार केंद्राच्या फोनवर खोट्या कॉलचा मारा केला. प्रत्येक उपकेंद्र हा वेगळा विभाग असता आणि त्या उपकरणांचा प्रोग्राम बदलण्याची सोय नियंत्रण कक्षाच्या नेटवर्कवरून बंद असती, तर हा घाव इतका पसरला नसता.

आणखी एक थर म्हणजे पाळत. औद्योगिक नेटवर्कवरची बोलणी ठरावीक असतात: तीच यंत्रं, तेच संदेश, ठरलेल्या अंतराने. त्यामुळे अवेळी झालेलं लॉगिन किंवा कधीच न बोललेल्या दोन यंत्रांचा संवाद उठून दिसतो. फक्त तो बघणारं कुणी हवं. भिंतींचीही झीज होते. दुरुस्तीसाठी ‘दोन दिवसांपुरता’ उघडलेला मार्ग वर्षभर तसाच राहतो, पुरवठादाराचा मोडेम कपाटामागे चालूच असतो. फायरवॉलच्या नियमांमध्ये ‘कुणालाही, कुठेही’ अशा अर्थाची ओळ सापडली, तर तो विभाग फक्त आराखड्यावर उरला आहे असं समजायचं.

सौदी अरेबियातल्या एका पेट्रोरसायन प्रकल्पात २०१७ मध्ये हल्लेखोर थेट सुरक्षा नियंत्रकांपर्यंत पोहोचले. धोका दिसताच प्रकल्प बंद करणारी ही यंत्रणा. तिच्यावर एक खरीखुरी किल्ली असते. ती ‘चालू’ स्थितीत असेल तर बाहेरून प्रोग्राम बदलता येत नाही. ती ‘प्रोग्राम’ स्थितीत राहिली होती. हल्लेखोरांच्याच चुकीने नियंत्रकांनी प्रकल्प बंद केला आणि घुसखोरी उघड झाली.

युक्रेनमध्ये शेवटचा थर माणसांचा ठरला. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि हाताने ब्रेकर जोडू लागले. एक ते सहा तासांत वीज आली. त्यांची उपकेंद्रं पूर्ण स्वयंचलित नव्हती, हाताने चालवण्याची सवय मोडलेली नव्हती. बिघडलेल्या उपकरणांमुळे पुढेही कित्येक महिने त्यांना तसंच काम करावं लागलं.